आधी रफिंग, मग फिनिशिंग: बहुपदीची सगळी मुळं एकदम कशी काढायची

या भागात बरेच आकडे आहेत, त्यामुळे ऐकताना हातातून सुटले तर इथे नीट वाचता येतील. कोड आणि समीकरणंही खाली जशीच्या तशी दिली आहेत.

भोसरी एमआयडीसीपासून चाकणपर्यंत एसपीएम बनवणारी बरीच छोटी-मोठी वर्कशॉप्स आहेत. एसपीएम म्हणजे स्पेशल पर्पज मशीन, एकाच कामासाठी बनवून दिलेलं. मी अशा मशीनसाठी मोशनचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे सर्वो मोटरने कॅरेजला कुठून कुठे, किती वेळात आणि कोणत्या वेगाने न्यायचं ते ठरवणारा कोड. या कामात बहुपदीची मुळं रोज लागतात. आज त्यातलं एकच उदाहरण घेऊन बसू आणि शेवटच्या आकड्यापर्यंत सोडवू.

प्रश्न काय आहे

समजा, एक कॅरेज कन्व्हेअरच्या बाजूने सरळ रुळावर धावतं. आत्ता ते पहिल्या पट्ट्याबरोबर सेकंदाला ०.२५ मीटर वेगाने पुढे चाललंय आणि पार्ट सोडून मोकळं झालंय. आता त्याला २ मीटर मागे जायचंय. पण तिथे जाऊन थांबायचं नाही. तिथे त्याच दिशेने चाललेला दुसरा, संथ पट्टा आहे, सेकंदाला ०.१२५ मीटरचा. त्याच्या वेगाशी जुळवून घेऊन पुढचा पार्ट उचलायचाय. या सगळ्याला वेळ ४ सेकंद. धक्का बसू नये म्हणून सुरुवातीला आणि शेवटी प्रवेग शून्य हवा.

अटी सहा झाल्या: दोन्ही टोकांना जागा, वेग आणि प्रवेग. सहा अटी पाळायला सहा सहगुणक लागतात, म्हणून पाचव्या घाताची बहुपदी वापरतात. वेळ ० ते ४ सेकंद न ठेवता ० ते १ अशी मोजू, म्हणजे x = t/4. मग कॅरेजची जागा मीटरमध्ये अशी येते:

```
s(x) = x - 28x^3 + 41.5x^4 - 16.5x^5
```

x = 1 घालून बघा: 1 − 28 + 41.5 − 16.5 = −2. बरोबर २ मीटर मागे.

आता खरा प्रश्न. कॅरेज आधीच पुढे चाललंय, त्यामुळे मागे वळण्याआधी ते थोडं आणखी पुढे जाणार. आणि शेवटी पुढच्या दिशेचा वेग पकडायचा असल्यामुळे ते २ मीटरच्याही मागे जाऊन, तिथून थोडा रनअप घेऊन परत येणार. फास्ट बोलर क्रीजवर वेगात पोहोचण्यासाठी मागून धावत येतो, तसंच. मागे लिमिट स्विच लावलाय, २ मीटरच्या पुढे फक्त २५ मिलिमीटर जागा सोडून. कॅरेज त्याला लागेल का?

कॅरेज जिथे दिशा बदलतं तिथे वेग शून्य असतो. म्हणून s चं अवकलन करून शून्य ठेवायचं. चिन्हं उलटी करून आणि दोनाने गुणून हे समीकरण मिळतं:

```
p(x) = 165x^4 - 332x^3 + 168x^2 - 2 = 0
```

चौथ्या घाताचं समीकरण, म्हणजे चार मुळं. त्यातली ० आणि १ च्या मधली आपल्या कामाची. पण सगळी कामाची, एकही सुटून चालणार नाही. एक सुटलं तर एक वळण सुटलं, आणि लिमिट स्विच नेमका तिथेच असू शकतो.

एक सोपा उपाय लगेच सुचेल: दर अर्ध्या सेकंदाला जागा तपासायची. करून बघू. ३.५ सेकंदाला जागा −२.०१९३ मीटर, ४ सेकंदाला −२.००००. म्हणजे जास्तीत जास्त १९ मिलिमीटर मागे, २५ च्या आत. चाचणी पास. प्रत्यक्षात कॅरेज किती मागे जातं ते थोड्या वेळात बघू. अर्थात मिलिसेकंदागणिक तपासलं तर उत्तर बरोबर येईल. पण प्लॅनर शेकडो पर्यायी मार्ग तपासत असेल तर प्रत्येकासाठी ४,००० बिंदू मोजावे लागतील. चार मुळं काढणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

नुसता न्यूटन का पुरत नाही

इंजिनीअरिंगला न्यूटन-रॅफसन सगळ्यांनीच केलंय. एक अंदाज घ्यायचा, तिथे वक्राला स्पर्शिका काढायची, ती x-अक्षाला जिथे कापेल तो नवा अंदाज. सूत्र: नवा x = x − p(x)/p'(x).

इथे p' चे गुणक पाडले की असं दिसतं:

```
p'(x) = 12x (x - 1) (55x - 28)
```

आता अंदाज कुठला घ्याल? साधारण माणूस सुरुवात घेईल, x = 0. तिथे p' शून्य आहे, म्हणजे शून्याने भागाकार. मग शेवट घेऊ, x = 1. तिथेही p' शून्य. हा योगायोग नाही. दोन्ही टोकांना प्रवेग शून्य हवा असं आपणच सांगितलंय, आणि p' म्हणजे एका स्थिर संख्येच्या फरकाने प्रवेगच. धक्का टाळायची आपलीच अट न्यूटनच्या आड येते.

बरं, मध्य घेऊ, x = 0.5. तिथे p = 8.8125 आणि p' = 1.5. नवा अंदाज 0.5 − 5.875 = −5.375. वक्र तिथे जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे स्पर्शिका थेट शेजारच्या गावात जाऊन पडली. तिथून न्यूटन हळूहळू परत येतो आणि −०.०९९३५ या मुळावर स्थिरावतो. ते मूळ खरं आहे, पण ऋण आहे, म्हणजे हालचाल सुरू होण्याआधीच्या वेळेचं. आपल्या उपयोगाचं नाही.

सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही अंदाज वाया गेले. न्यूटन मुळाजवळून सुरू केला तर फार वेगवान आहे, पण मुळाजवळ कसं जायचं ते तो सांगत नाही. आणि मुळं एकूण किती मिळाली, कुठली राहिली, हेही सांगत नाही.

मॅट्रिक्समध्ये बहुपदी लपवायची

इथे कंपॅनियन मॅट्रिक्स कामी येते. कल्पना इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिल्यावर वाटतं, एवढंच?

समीकरणाला १६५ ने भागा आणि x⁴ एकटा डावीकडे ठेवा:

```
x^4 = 2.01212 x^3 - 1.01818 x^2 + 0·x + 0.0121212
```

म्हणजे x हे मूळ असेल, तर x⁴ हा खालच्या घातांवरून तयार करता येतो. आता हे घात एकाखाली एक लिहून एक उभी यादी करा: x³, x², x, 1. या यादीला x ने गुणलं तर x⁴, x³, x², x मिळतं. नीट बघा: खालचे तिन्ही आकडे जुन्या यादीतलेच आहेत, फक्त एक पायरी खाली सरकलेले. नवीन आहे फक्त वरचा x⁴, आणि तो आपण वरच्या समीकरणातून काढू शकतो. हे काम करणारी मॅट्रिक्स अशी:

```
    | 2.01212  -1.01818   0   0.0121212 |
C = | 1         0         0   0         |
    | 0         1         0   0         |
    | 0         0         1   0         |
```

पहिली ओळ x⁴ बनवते, खालच्या ओळी नुसतं सरकवतात. म्हणजे C ने या यादीला गुणणं आणि नुसत्या x या संख्येने गुणणं, दोन्हीचं उत्तर एकच. मॅट्रिक्सने गुणल्यावर व्हेक्टरची दिशा तीच राहते आणि तो फक्त x पट होतो, तेव्हा त्या x ला आयगेनव्हॅल्यू म्हणतात. म्हणून p ची प्रत्येक मूळसंख्या ही C ची आयगेनव्हॅल्यू असते. उलटही खरं आहे: C ची प्रत्येक आयगेनव्हॅल्यू p चं मूळ असते.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात तर आयगेनव्हॅल्यू काढायला आधी बहुपदी बनवायचो आणि मग तिची मुळं काढायचो. हे उलटंच झालं! बरोबर, परीक्षेत दोन-तीन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी तसं करतात. कॉम्प्युटर तसं करत नाही. पाचव्या आणि त्यावरच्या घाताला मुळांचं सर्वसाधारण सूत्रच नाही, हे आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे कुठल्याही मार्गाने गेलं तरी पुनरावृत्ती करावीच लागते. मग जी पुनरावृत्ती सगळ्यांत भरवशाची आहे ती का वापरू नये?

ती म्हणजे क्यूआर पद्धत. १९६१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन फ्रान्सिस आणि सोव्हिएत संघात वेरा कुब्लानोव्स्काया यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. ढोबळ कल्पना अशी. C ने एखाद्या व्हेक्टरला परत परत गुणत राहिलं की तो हळूहळू सगळ्यांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूच्या दिशेला वळतो, कारण दर गुणाकारात तीच दिशा सर्वाधिक वाढते. क्यूआर हेच एकाच वेळी चार परस्परलंब दिशांवर करते. प्रत्येक फेरीनंतर दिशा पुन्हा एकमेकींना लंब केल्या जातात, त्यामुळे सगळ्या एकाच मोठ्या मुळाकडे धावत नाहीत. प्रत्येकीला आपापलं मूळ सापडतं. न्यूटनमध्ये आपल्याला हेच मिळत नव्हतं. इथे सुरुवातीचा अंदाजच द्यावा लागत नाही, आणि चार मुळं असतील तर चार उत्तरं हमखास हातात येतात.

पायथनमध्ये np.roots लिहिता तेव्हा आत हेच होतं. ते फंक्शन कंपॅनियन मॅट्रिक्स बनवतं आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढतं. मॅटलॅबचं roots सुद्धा तसंच.

आपल्या बहुपदीची चार मुळं अशी येतात:

```
-0.0993529    0.1243916    0.9139311    1.0731514
```

पहिलं हालचालीच्या आधीचं, शेवटचं ४ सेकंद संपल्यानंतरचं. मधली दोन आपली. ०.१२४३९ म्हणजे ०.४९८ सेकंद. तिथे कॅरेज सुमारे ८० मिलिमीटर पुढे जाऊन वळतं. ०.९१३९३ म्हणजे ३.६५६ सेकंद. तिथे जागा येते −२.०२८० मीटर. म्हणजे कॅरेज २८ मिलिमीटर मागे जातं आणि जागा होती २५. अर्ध्या सेकंदाच्या तपासणीने पास केलेलं कॅरेज लिमिट स्विचवर आदळतं, मशीन फॉल्टवर जातं आणि कमिशनिंगला आलेला माणूस वायरिंग तपासत बसतो. चूक मात्र वायरिंगमध्ये नसतेच.

फिनिशिंगचा हात

लेथवर काम केलेल्या कुणालाही विचारा. आधी रफिंग कट घेऊन जॉब मापाजवळ आणायचा, मग बारीक फिनिशिंग कट. इथेही तसंच: आयगेनव्हॅल्यू म्हणजे रफिंग, न्यूटनच्या एक-दोन पायऱ्या म्हणजे फिनिशिंग. प्रत्येक हत्यार जिथे चांगलं चालतं तिथेच वापरायचं.

न्यूटन जवळून सुरू झाल्यावर काय करतो ते दिसावं म्हणून मुद्दाम भरड किंमत घेऊ, ०.१२५:

```
0.125        p = 0.0168       p' = 27.73
0.12439244   p = 0.000022     p' = 27.65
0.124391645
```

पहिल्या पायरीआधी चूक ०.०००६ होती. नंतर ०.०००००८ सुद्धा नाही, त्याच्याही दहाव्या भागाएवढी राहिली. दर पायरीला बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते. म्हणून पॉलिशला दोन-तीन पायऱ्या पुरतात. त्यापेक्षा जास्त लागत असतील तर गडबड दुसरीकडेच आहे असं समजा.

पण आयगेनव्हॅल्यू जर चांगल्याच येत असतील तर पॉलिश कशासाठी? कारण आयगेनव्हॅल्यूमधली चूक पूर्ण मॅट्रिक्सच्या आकाराच्या प्रमाणात असते, त्या एका मुळाच्या आकाराच्या नाही. मॅट्रिक्समध्ये मोठा आकडा असला की त्याचा राउंडिंगचा चुरा छोट्या मुळांवरही पडतो. समजा, आपण x ऐवजी वेळ थेट मिलिसेकंदांत घेतली असती. मग मॅट्रिक्सच्या कोपऱ्यातला 0.0121 हा आकडा ४,००० च्या चौथ्या घाताने गुणला जातो आणि सुमारे ३.१ × १०¹² होतो. त्याच्या खाली एकच्या ओळी तशाच. नावाजलेल्या लायब्ररी आधी मॅट्रिक्सचा तोल सावरून घेतात, त्याला बॅलन्सिंग म्हणतात, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही. पण छोट्या कंट्रोलरसाठी कुणी हाताने लिहिलेल्या क्यूआरमध्ये बॅलन्सिंग अनेकदा नसतं. आणि तिथे ३२ बिटांचा फ्लोट असला, म्हणजे जेमतेम सात अंक, तर मुळांच्या नावाखाली कचराच येतो. त्यामुळे पहिलं फिनिशिंग गणिताआधीच करायचं: वेळ ० ते १ मध्ये आणायची.

दुसरी गोष्ट, पॉलिश कोणत्या अचूकतेत करायचं? x = 0.914 ला आपल्या बहुपदीचे पहिले तीन तुकडे साधारण ११५, −२५३ आणि १४० असे आहेत, शेवटी −२, आणि बेरीज जवळजवळ शून्य. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये २५३ लिहितानाच लाखात एक या आकाराची चूक येते. तेवढ्या धुरळ्यात p ची खरी किंमत दिसतच नाही. त्या चुकीला तिथल्या उताराने, म्हणजे २१ ने भागलं की मुळात सुमारे १० लाखात एकाची अनिश्चितता राहते. न्यूटन कितीही फिरवा, त्याखाली जाणार नाही. मोजमापच भरड असेल तर पॉलिश पेपर बदलून उपयोग नाही. म्हणून आयगेनव्हॅल्यू ३२ बिटांत काढल्या तरी चालतील, पण पॉलिश करताना p आणि p' ६४ बिटांत मोजा. आपल्या उदाहरणात मग एका पायरीत सहा अंकांचे अकरा होतात.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. २८ मिलिमीटर या उत्तराला एवढी अचूकता लागत नाही. वळणाच्या जागी वक्र सपाट असतो, त्यामुळे मुळातली छोटी चूक जागेच्या उत्तरात जवळजवळ उतरतच नाही. अचूकता लागते ती दोन निर्णयांसाठी: मूळ ० ते १ च्या आत आहे की बाहेर, आणि ते वास्तव आहे की नाही.

पॉलिश कुठे हरतं

आता त्याच उदाहरणात एकच बदल करू: शेवटचा वेग शून्य. कॅरेज २ मीटर मागे जाऊन थांबतं. बहुपदी होते:

```
q(x) = 75x^4 - 152x^3 + 78x^2 - 1
```

आधी ०.९१४ आणि १.०७३ अशी जी दोन वेगळी मुळं होती, ती सरकत सरकत x = 1 वर एकत्र आली. एकाच जागी दोन मुळं, म्हणजे दुहेरी मूळ.

इथे सगळंच अवघड होतं. मुळाजवळ q साधारण ७२(x−१)² सारखी वागते, म्हणजे वक्र अक्षाला फक्त टेकतो. सहगुणकांत राउंडिंगमुळे १०⁻¹⁴ एवढा बदल झाला तर मूळ १०⁻¹⁴ ने नाही, त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने हलतं, म्हणजे सुमारे १०⁻⁸ ने. सोळा अंकांत गणित करूनही आठच खरे उरतात. ३२ बिटांत तर हा फरक ०.०००३ च्या आसपास जातो, आपल्या ४ सेकंदांत एक मिलिसेकंदाहून जास्त.

त्यातच, तो टेकलेला वक्र राउंडिंगने किंचित वर सरकला तर दोन्ही मुळं काल्पनिक होतात: १ च्या जवळ, मागे छोटासा i चा भाग. मग कोडमध्ये कुणी `r.imag == 0` अशी चाळणी लावली असेल तर दोन्ही मुळं गुपचूप गायब होतात. एररही येत नाही. म्हणून ही चाळणी नेमक्या शून्याची नको, सहनमर्यादेची हवी, आणि ती मर्यादा १०⁻⁸ पेक्षा ढिली हवी.

न्यूटनही इथे सुस्तावतो. दुहेरी मुळाजवळ चूक दर पायरीला फक्त निम्मी होते, कारण p आणि p' दोन्ही एकत्रच शून्याकडे जातात. हीच ओळखण्याची खूण: पॉलिशच्या लागोपाठच्या पायऱ्या एकदम लहान न होता निम्म्या-निम्म्या होत असतील, तर जवळच दुसरं मूळ बसलेलं आहे. अशा वेळी जास्त फेऱ्या मारून काही हाती लागत नाही. त्या दोन मुळांना एक जोडी समजा आणि त्यांच्या सरासरीवर विश्वास ठेवा. जोडीतली मुळं साधारण सारखीच विरुद्ध बाजूंना सरकतात, त्यामुळे सरासरी प्रत्येक मुळापेक्षा खूप जास्त अचूक असते.

आणखी एक धोका: जवळच्या दोन मुळांपैकी एकाचं पॉलिश करताना न्यूटन उडी मारून शेजारच्या मुळावर जाऊ शकतो. मग यादीत एक मूळ दोनदा येतं आणि दुसरं हरवतं. हे पकडायला शाळेतला नियम पुरतो. मुळांची बेरीज म्हणजे दुसऱ्या सहगुणकाचं चिन्ह बदलून पहिल्याने भागलेली संख्या. आपल्यासाठी ३३२/१६५, म्हणजे २.०१२१. १.०७३ चं मूळ घसरून ०.९१४ वर गेलं असतं तर बेरीज १.८५२९ आली असती. एका बेरजेत चोर सापडतो.

हे सगळं एकत्र केल्यावर कोड एवढाच होतो:

```python
import numpy as np

def polish(p, r, steps=3):
    dp = np.polyder(p)
    for _ in range(steps):
        d = np.polyval(dp, r)
        if d == 0:
            break
        new = r - np.polyval(p, r) / d
        if abs(np.polyval(p, new)) >= abs(np.polyval(p, r)):
            break
        r = new
    return r

p = np.array([165.0, -332.0, 168.0, 0.0, -2.0])
roots = [polish(p, r) for r in np.roots(p)]
print(roots)
print(sum(roots), 332 / 165)
```

मधली `if abs(...)` ची ओळ महत्त्वाची आहे. p ची किंमत खरोखर कमी होत असेल तरच नवीन आकडा घ्यायचा. कमी होत नसेल तर आपण राउंडिंगच्या तळाला पोहोचलोय, तिथे थांबायचं.

हे कधी वापरू नये

शेवटचा मुद्दा, आणि मेकॅनिकलवाल्यांनी हा खास ऐकावा. गाडीच्या सस्पेन्शनची किंवा मशीनच्या फ्रेमची कंपनं काढताना तुमच्याकडे सुरुवातीलाच मॅट्रिक्स असते. तिच्यापासून बहुपदी बनवून, मग कंपॅनियन मॅट्रिक्स बनवून परत आयगेनव्हॅल्यू काढू नका. बहुपदी बनवतानाच माहिती सांडते, आणि सांडलेली माहिती पॉलिशने परत येत नाही, कारण पॉलिश त्या बिघडलेल्या सहगुणकांचंच ऐकतं.

किती सांडू शकते याचं प्रसिद्ध उदाहरण जेम्स विल्किन्सन यांनी दिलंय. १ ते २० या पूर्णांकांची मुळं असलेली बहुपदी घ्या. तिचा x¹⁹ चा सहगुणक −२१० आहे. त्यात फक्त २⁻²³, म्हणजे साधारण कोटीत एक एवढा बदल करा. १६ आणि १७ ही मुळं नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी १६.७३ ± २.८१i ही जोडी येते. इथे मुळं एकमेकांना चिकटलेलीही नाहीत, पूर्ण एकाच्या अंतरावर आहेत. तरी ही गत. यात क्यूआरचाही दोष नाही आणि न्यूटनचाही. प्रश्नच सहगुणकांतून विचारला की तो नाजूक होतो.

म्हणून एक साधी सवय लावून घ्या. मुळं काढली की सहगुणकांमध्ये त्यांच्या खऱ्या अचूकतेएवढा छोटा बदल करून परत मुळं काढा. सेन्सरवरून आलेले आकडे तीन अंकांपर्यंत खरे असतील तर चौथ्या अंकात बदल करा. मुळं जेवढी हलतील तेवढीच तुमच्या उत्तराची खरी अचूकता, स्क्रीनवर पंधरा अंक छापून आले तरी. वरच्या कोडमध्ये −332 च्या जागी −332.1 घालून बघा: कुठलं मूळ जागचं हलत नाही आणि कुठली दोन जास्त पळतात. ती दोन एकमेकांच्या जवळ का आहेत, हे आता तुम्हाला माहीत आहे.